देवनागरी सुलेखनाचा ऑनलाइन वर्ग: आधी काडी कापा, 'पंचगंगा' लिहा, मग नोंदणीचं ठरवा

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आमचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन सुलेखन वर्ग कोल्हापुरातून सुरू होतोय. फी, सवलत आणि वर्ग कोणासाठी आहे हे सगळं खाली दिलं आहेच. पण त्याआधी पहिल्या आठवड्याचा पाठ इथेच देतो. घरी एक संध्याकाळ घालवून तो करून बघा. हात यात रमतोय का, हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्यातून लवकर कळेल.

नवशिक्यांची पहिली चूक एकच असते, आणि ती अक्षराची नसून हत्याराची असते. स्टेशनरीच्या दुकानात 'कॅलिग्राफी पेन' मागितलं की बहुतेक वेळा सरळ कापाचं पेन हातात पडतं. ते इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेलं असतं. उजव्या हाताने ते सहज धरलं की त्याची कड डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी कागदावर टेकते. देवनागरीला नेमकी याच्या उलट कड लागते, म्हणजे डावं टोक वर आणि उजवं टोक खाली. अक्षराचा पाय मोडताना आपण जी तिरकी रेघ ओढतो, कड त्या रेघेच्याच दिशेने टेकलेली हवी. म्हणून त्या दिशेची रेघ सगळ्यांत बारीक येते आणि तिच्या उलट तिरकी रेघ सगळ्यांत जाड.

घरात निर्णयसागर छापखान्याचं एखादं जुनं संस्कृत पुस्तक असेल तर त्यात पाय मोडलेलं अक्षर शोधा. खालची रेघ बारीक दिसेल. छपाईचे खिळे धातूचे असले तरी वळण बोरूचंच आहे. इंग्रजी पेनाने तीच रेघ काढली तर जाडजूड येते आणि अक्षर परकं वाटायला लागतं. काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं.

काडी कापायची कशी

बोरू मिळाला तर उत्तमच, पण पहिल्या दिवशी आइस्क्रीमची लाकडी काडी पुरते. सोबत कटर, पट्टी, बारीक पॉलिश पेपर आणि फाउंटन पेनची काळी किंवा निळी शाई घ्या. वॉटरप्रूफ शाई आत्ता नको. ती वाळली की काडीच्या कडेवर थर धरते आणि कड बोथट होते.

काडी साधारण एक सेंटिमीटर रुंद असते. तिच्या टोकाकडचा दीड सेंटिमीटर भाग दोन्ही बाजूंनी तासून साडेतीन मिलिमीटर रुंद करा. मग टोक ४५ अंशांत तिरकं कापा. साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीवर ४५ अंशांचा काप घेतला की कडेची लांबी जवळजवळ पाच मिलिमीटर भरते. यापुढे आपलं माप हेच: एक निब म्हणजे पाच मिलिमीटर. काप एका दाबात घ्या. करवतीसारखं मागेपुढे केलं तर तंतू सुटतात आणि रेघेच्या कडेला केस फुटल्यासारखे दिसतात.

काडीची जाडीही उतरवावी लागते. टोकाला वरून आणि खालून पॉलिश पेपरवर घासून कड जाड कार्डाच्या कागदाइतकी पातळ करा. दोन्ही बाजूंनी घासायला सांगतोय, त्याचं कारण लगेच खाली येईल.

आता टोक स्वतःपासून लांब, वरच्या दिशेला करून काडी टेबलावर ठेवा. कापलेल्या कडेचा डावा कोपरा उंच आणि उजवा बुटका दिसला पाहिजे. उलटं दिसत असेल तर नवी काडी कापू नका, तीच काडी अर्धी फिरवून पालथी करा. उंच कोपरा डावीकडे येईल. म्हणजे एकाच काडीने, एका बाजूने देवनागरी आणि पालथी केली की इंग्रजी लिहिता येतं. हे कळलं की पेनांवरचा बराच खर्च वाचतो.

धरायची कशी, आणि कोन बरोबर आहे हे ओळखायचं कसं

कागद सरळ ठेवू नका. त्याचा वरचा भाग थोडा, साधारण १५ अंश, डावीकडे झुकवा. काडीची शेपटी उजव्या खांद्याकडे नको, कोपराकडे हवी. खांद्याकडे गेली की कड जवळपास आडवी होते. मनगट वळवून कोन साधायला जाऊ नका. दहा मिनिटांत हात दुखेल आणि तिसऱ्या अक्षराला कोन सुटलेला असेल. कोन कापाने आणि कागदाने सांभाळायचा, मनगट मोकळं ठेवायचं.

डावखुऱ्यांसाठी इथे एक सुखद गोष्ट आहे. डाव्या हाताने साधं सरळ कापाचं पेन धरलं तरी कड आपोआप देवनागरीच्या दिशेने टेकते. इंग्रजी सुलेखनात त्यांना खास निब शोधावी लागते, इथे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना कसरत करावी लागते. डावखुऱ्यांनी काडी तिरकी कापायची गरज नाही. सरळ काप घ्या, फक्त टोकाची रुंदी पाच मिलिमीटर ठेवा आणि कागद उजवीकडे किती झुकवायचा ते खालच्या चाचणीने ठरवा.

अक्षराला हात घालण्याआधी चार रेघा ओढायच्या: एक उभी, एक आडवी, एक पाय मोडण्याच्या दिशेची आणि एक तिच्या उलट. प्रत्येक तीन सेंटिमीटर. कोन ४५ अंशांचा असेल तर उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीच्या येतात, पट्टीने मोजल्या तर सुमारे साडेतीन मिलिमीटर. पाय मोडण्याच्या दिशेची केसासारखी बारीक येते आणि उलटी पूर्ण पाच मिलिमीटर भरते. उभी रेघ आडवीपेक्षा जाड आली, तर कड फार आडवी टेकते आहे. कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे न्या. आडवी जाड आली, तर कड फार उभी झाली आहे, तेव्हा तो थोडा उजवीकडे न्या. पहिल्या आठवड्यात रोज लिहायला बसताना या चार रेघा आधी काढायच्याच. आम्ही वर्गातही पहिल्यांदा हेच तपासतो.

रेघेची एकच बाजू स्वच्छ आणि दुसरी फाटकी येत असेल, तर कडेचा एकच कोपरा कागदाला टेकतो आहे. हात सरळ करा. रेघेच्या मधोमध पांढरा पट्टा राहत असेल तर दोष हाताचा नाही. कड मध्ये खोलगट झाली आहे. पॉलिश पेपर काचेवर सपाट ठेवून कड त्यावर दोन-चार वेळा हलकी फिरवली की पट्टा जातो.

कागद, शाई आणि आपला पावसाळा

नेहमीचा ७० जीएसएमचा झेरॉक्स कागद सरावाला चालतो, पण त्यावर शाई थोडी फुटतेच. १०० जीएसएमचा गुळगुळीत कागद घेतला की फरक लगेच दिसतो. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानात 'लेजर पेपर' म्हणून मागा आणि विकत घेण्याआधी कोपऱ्यावर शाईची एक रेघ ओढू द्यायला सांगा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आणखी एक अडचण असते. उघड्यावर ठेवलेला कागद ओल धरतो आणि कालपर्यंत नीट चाललेली शाई आज कडेने पसरते. तेव्हा शाईला दोष देऊ नका. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.

काडी शाईत पाच-सहा मिलिमीटरच बुडवायची, दौतीच्या काठाला निथळायची आणि पहिला स्पर्श रद्दी कागदावर करायचा. हे विसरलात तर प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला थेंब येणार.

आता एक शब्द: पंचगंगा

पहिल्या पाठासाठी हा शब्द निवडण्याचं कारण भावनिक नाही. यात प, च, ग, ग आणि काना आहे, म्हणजे पाच उभे दांडे. वेलांटी नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही. फक्त दोन अनुस्वार. दांडे सारखे काढणं आणि त्यांच्यातलं अंतर राखणं, एवढीच परीक्षा आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

पेन्सिलीने दोन आडव्या रेषा आखा, २५ मिलिमीटर अंतरावर. म्हणजे अक्षराची उंची पाच निब झाली. वरच्या रेषेच्या वर आणखी एक रेषा दहा मिलिमीटरवर, अनुस्वारासाठी. शिरोरेषा आधी काढायची नाही. शाळेतल्या दुरेघीत आपणही अक्षरं आधी लिहून रेघ शेवटी द्यायचो, इथेही तसंच. अंतर जुळल्याशिवाय शिरोरेषेची लांबी कळत नाही, आणि आधीच ओढलेली रेघ अक्षरांना जागा सक्तीने वाटून देते.

'प' वरच्या रेषेपासून सुरू करा. उभी रेघ सुमारे तीन निब खाली आणा, मग उजवीकडे वळवून दांड्याच्या दिशेने न्या. इथे डोळे उघडे ठेवा. खालच्या डाव्या वळणावर रेघ क्षणभर पाय मोडण्याच्या दिशेला जाते, म्हणून तिथे ती आपोआप बारीक व्हायला हवी आणि उजवीकडे जाताना पुन्हा भरायला हवी. वळणावर रेघ सुजल्यासारखी जाड आली, तर काडी उलट्या बाजूने धरली आहे. दाब वाढवून किंवा कमी करून ही चूक सुटत नाही. दाब सगळीकडे सारखाच ठेवायचा, जाड-बारीक करण्याचं काम कोनाचं आहे.

मग दांडा. वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत एका दमात, न थांबता. थांबलात की तिथे शाई साचून गाठ येते. दांड्याचा पाय नीट पाहा. त्याचा काप तिरका यायला हवा, उजवा कोपरा थोडा खाली आणि डावा थोडा वर. पाचही दांड्यांचे पाय एकसारखे तिरके आले तर कोन शब्दभर टिकला. बहुतेकांचा तिसऱ्या दांड्याला सुटतो, कारण हात उजवीकडे सरकतो आणि कोपर जागेवरच राहतं. त्यामुळे काडी फिरते. कोपरही हाताबरोबर सरकवा, किंवा कागद डावीकडे ओढा.

'च' मध्ये आधी मधली आडवी रेघ, तिच्यातून उतरून दांड्याला मिळणारं पोट आणि मग दांडा. पोट पायाच्या रेषेला टेकवू नका. खाली किमान एक निब जागा सोडा, नाहीतर दांडा आखूड वाटतो.

'ग' सगळ्यांत फसवा. डावीकडची उभी रेघ गाठीवर संपते आणि दांडा तिच्यापासून सुटा उभा राहतो. या दोघांमधली जागा सव्वा निब, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर ठेवा. पुढचं अक्षर मात्र यापेक्षा स्पष्टपणे लांब हवं. 'च'चा दांडा आणि 'ग'ची डावी रेघ यांत दोन निब, दोन 'ग'मध्येही तेवढंच. शेवटचा काना 'ग'च्या दांड्यापासून दीड निबवर. 'ग'च्या पोटातली जागा आणि अक्षरांमधली जागा सारखी झाली, की डोळा 'ग' फोडून वाचतो. डावा भाग आधीच्या अक्षराला चिकटतो, दांडा काना होऊन बसतो आणि शब्द नुसता दांड्यांचं कुंपण दिसतो. 'प' आणि 'च'मध्ये मात्र दीड निब पुरतं, कारण 'च'च्या आडव्या रेघेच्या वर आणि खाली आधीच पांढरी जागा असते. अंतर दोन रेघांमधलं मोजायचं नसून मधलं पांढरं क्षेत्र डोळ्याने तोलायचं, हे याच शब्दातून हाताला कळतं.

शिरोरेषा आता एकाच ओढीत, डावीकडून उजवीकडे, दांड्यांची वरची टोकं झाकत. थरथर होत असेल तर हळू नका जाऊ, थोडा वेग वाढवा. अनुस्वार ठिपका म्हणून टेकवायचा नाही. कड त्याच कोनात ठेवून वरून खाली डावीकडे एक निब ओढली की कोपऱ्यावर उभा चौकोन मिळतो, साधारण सात मिलिमीटर उंच. तो दांड्यावर, शिरोरेषेपासून अर्धा निब वर ठेवा. वरच्या दहा मिलिमीटरांत तो बरोबर बसतो.

पूर्ण शब्द मोजून पाहा. ही मापं पाळली तर लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास येते. बारा-तेरा झाली असेल तर अक्षरं सैल पडली आहेत. लांबून बघताना कागद उलटा धरा. शब्द वाचता येत नाही, त्यामुळे जागा कुठे दाटली आणि कुठे फाकली ते चटकन दिसतं.

वर्गात पुढे काय

शनिवारी आणि रविवारी रात्री ८ ते ९:१५, झूमवर, एकूण १६ तासिका. पहिले दोन आठवडे याच दांड्याच्या अक्षरांचे. हे लांबलेलं वाटेल, पण पुढची निम्मी मेहनत इथे वाचते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ट, ठ, द, ह अशी गोल अक्षरं आणि मराठीचा पाकळीचा ल. फॉन्टमधून कित्ता उतरवणारे अनेकदा नकळत हिंदीचा दांड्याचा ल गिरवत बसतात. पुढे स्वरचिन्हं, जोडाक्षरं, ओळ आणि पानाची मांडणी. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाची एक ओळ, ए-थ्री कागदावर पूर्ण करून. रेकॉर्डिंग तीन महिने पाहता येईल. तुकडीत २४ जणच घेतो, कारण प्रत्येकाचा गृहपाठ दर आठवड्याला तपासून त्यावर खुणा करून परत द्यायचा असतो.

ऑनलाइन शिकताना दोन गोष्टींवर अडकायला होतं, त्या आधीच सांगतो. झूममध्ये स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसू शकतं. मग तुमची बरोबर असलेली तिरकी कड पडद्यावर चुकीची भासते आणि माणूस नीट धरलेली काडी पालथी करतो. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Mirror my video` बंद करा. आम्हाला तुमचं चित्र सरळच दिसत असतं. दुसरं, गृहपाठाचा फोटो तिरका काढला की अक्षराचा कोन बदललेला दिसतो आणि आमची दुरुस्तीच चुकते. फोन कागदाला समांतर धरा आणि कागदाच्या चारही कडा फोटोत येऊ द्या. बाजूला पट्टी ठेवली तर उत्तम.

कोणासाठी, कोणासाठी नाही

पत्रिका, मानपत्रं, नावाच्या पाट्या स्वतः लिहायच्या असतील, शाळेत फलकलेखनाची जबाबदारी असेल, किंवा डिझाइनचं काम करताना हाताने लिहिलेलं शीर्षक हवं असेल, तर हा वर्ग उपयोगी पडेल. चित्रकला यायला हवी अशी अट नाही. रोज २५ मिनिटं बसायची तयारी हवी. आठवड्यातून एकदा तीन तास बसलात तर कोन दर वेळी नव्याने शोधावा लागतो.

रोजचं हस्ताक्षर सुधारायचं असेल तर हा वर्ग घेऊ नका. बॉलपेनच्या अक्षराचा प्रश्न वेगळा, त्याची शिकवणही वेगळी. फॉन्ट बनवणं यात नाही, मोडीही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाही, कारण पहिल्याच दिवशी कटर चालवावा लागतो. आणि आयपॅडवरच लिहायचं असेल तर किमान पहिले चार आठवडे कागदावर काढावे लागतील.

फी आणि लवकर नोंदणीची सवलत

पूर्ण फी ३,२०० रुपये. ३० सप्टेंबरपर्यंत नोंदणी केली तर २,४०० रुपये. साहित्याचा संच दोन्हींत धरलेला आहे: साडेतीन आणि पाच मिलिमीटरचे कापलेले दोन बोरू, ६० मिलिलिटर शाई, १०० जीएसएमचे ४० कागद आणि आखणीचा तक्ता. कोल्हापुरातल्यांनी संच राजारामपुरीतून न्यावा, बाहेरगावी पोस्टाने पाठवतो, त्याचे ८० रुपये वेगळे. साहित्य स्वतःचं असेल आणि संच नको असेल तर फीमधून ३५० रुपये कमी करतो. डावखुरे असाल तर नोंदणी अर्जात आवर्जून लिहा, तुमचे बोरू सरळ कापाचे पाठवायचे असतात.

पहिल्या दोन तासिकांनंतर जमत नाही असं वाटलं तर संचाचे ३५० रुपये वजा करून बाकी फी परत मिळेल. तिसऱ्या तासिकेनंतर परत मिळणार नाही, कारण तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. नोंदणी अर्जासोबत काडीने लिहिलेल्या 'पंचगंगा'चा आणि त्या चार रेघांचा फोटो जोडलात तर पहिल्या तासिकेआधीच तुमचा काप तपासून कळवू. शब्द बिघडलेला असला तरी चालेल, फक्त फोटो सरळ वरून काढा.